पेन ड्राइव्ह लावला, पण नेमका कुणाला?

महाराष्ट्रातल्या अनेक डीटीपी दुकानांत आजही एक जुना काळ जपून ठेवलेला असतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पेजमेकरमध्ये जुळवलेल्या पत्रिका, मंडळांचे अहवाल, लग्नाच्या आमंत्रणांचे नमुने. आणि हे सगळं युनिकोड रुजण्याआधीच्या फॉन्टांत. नव्या संगणकावर फाइल उघडली की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं उमटतात. म्हणून दुकानदार विंडोज ७ टिकवून ठेवतो. पण जुना संगणक कधीतरी धापा टाकायला लागतो. मग कुणीतरी जाणकार नव्या यंत्रावर उबुंटू टाकतो, त्यात व्हर्च्युअलबॉक्स बसवतो आणि त्याच्या आत विंडोज ७ चालू करून देतो. पडद्यावरच्या एका खिडकीत अख्खा जुना संगणक. उबुंटू हा होस्ट आणि खिडकीतला विंडोज हा गेस्ट.

सगळं छान चालतं, आणि मग गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येतं. दुकानदार तो संगणकाला लावतो. उबुंटूमध्ये त्याचं चिन्ह लगेच दिसतं, पण विंडोजच्या ‘माय कॉम्प्युटर’मध्ये काहीच नाही. काढून दुसऱ्या खाचेत लावला, तरी तेच. याचं कारण असं की गेस्टला खरी खाच नसतेच. त्याला दिसतो तो व्हर्च्युअलबॉक्सने सॉफ्टवेअरमध्ये उभा केलेला यूएसबी कंट्रोलर. पेन ड्राइव्ह होस्टकडून काढून त्या खोट्या कंट्रोलरला जोडून द्यावा लागतो, आणि हे काम आपणहून होत नाही.

इथेच इंटरनेटवरचा वर्षानुवर्षांचा सल्ला पुढे येतो: ‘एक्स्टेन्शन पॅक टाका, चालेल.’ हा सल्ला एके काळी बरोबर होता. आज तो बहुतेकांना गैरलागू आहे, आणि दुकानदाराला तर तो महागातही पडू शकतो.

गोष्ट २०१० सालापासून सुरू होते. त्या वर्षी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली आणि तिच्याबरोबर व्हर्च्युअलबॉक्सही गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आवृत्ती ४.० आली आणि सॉफ्टवेअरचे दोन भाग झाले. मूळ भाग मुक्त परवान्याचा, कुणीही कशासाठीही वापरावा असा. काही खास सोयी मात्र एक्स्टेन्शन पॅक नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवल्या गेल्या. तिचा परवाना वेगळा होता: वैयक्तिक वापर, शिक्षण आणि चाचणी यांसाठी फुकट, धंद्यासाठी विकत. यूएसबी २.० कंट्रोलर नेमका या दुसऱ्या भागात गेला. २०१५ मध्ये आवृत्ती ५.० ने यूएसबी ३.० आणलं, तेही पॅकमध्येच. मूळ भागात उरला फक्त यूएसबी १.१. त्या काळात धड वेगाने पेन ड्राइव्ह वापरायचा तर पॅकवाचून गत्यंतर नव्हतं, आणि सल्ला रूढ झाला तो तेव्हाच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आवृत्ती ७.० ने हे चित्र पालटलं. यूएसबी २.० आणि ३.० हे दोन्ही कंट्रोलर मूळ मुक्त भागात आणले गेले. तेव्हापासून पेन ड्राइव्हसाठी एक्स्टेन्शन पॅकची गरज नाही. पॅक अजूनही मिळतो, पण त्यात उरलेल्या सोयी वेगळ्या आहेत: गेस्टचा पडदा दुसऱ्या संगणकावरून पाहण्यासाठीचा सर्व्हर, होस्टचा वेबकॅम गेस्टला देणं, डिस्कचं कूटबद्धीकरण, नेटवर्कवरून बूट करण्याचा रॉम, क्लाउडशी जोडणी. यातलं काही लागत नसेल तर पॅकची फाइल उतरवूही नये.

मग जुना सल्ला अजून का फिरतो? एक कारण साधं आहे. उबुंटू २२.०४ च्या स्वतःच्या भांडारातून व्हर्च्युअलबॉक्स घेतलं तर आवृत्ती ६.१ मिळते. तिच्यापुरता तो सल्ला आजही खरा आहे. जानेवारी २०२४ नंतर ओरॅकलने ६.१ च्या सुधारणा थांबवल्या, पण लोकांच्या यंत्रांवर ती चालूच आहे. त्यामुळे सर्वांत आधी आपली आवृत्ती पाहावी. टर्मिनलमध्ये दोन ओळी पुरतात:

```
VBoxManage --version
VBoxManage list extpacks
```

पहिली ओळ आवृत्ती सांगते, दुसरी पॅक बसवला आहे का आणि कोणत्या आवृत्तीचा ते दाखवते. ६.१ असेल आणि पॅक टाकायचाच असेल, तर दोघांचे आकडे तंतोतंत जुळायला हवेत. मूळ सॉफ्टवेअर अद्ययावत केलं आणि पॅक जुनाच राहिला, की काल चालणारा गेस्ट आज उठत नाही. पडद्यावर ‘Implementation of the USB 2.0 controller not found!’ असा संदेश येतो. वाचणाऱ्याला वाटतं की यंत्राचं यूएसबी बिघडलं. प्रत्यक्षात तक्रार एवढीच असते की पॅक नाही, किंवा आहे तो न जुळणारा आहे.

आपल्या दुकानदारापुढे परवान्याचाही प्रश्न आहे. पत्रिका छापून पैसे घेणं हा धंदा आहे. त्याला ‘वैयक्तिक वापर’ म्हणता येत नाही. फुकट मिळणारी फाइल म्हणून पॅक बसवणं त्याच्यासाठी परवान्याचा भंग ठरतो. ओरॅकलच्या भांडारातून ७.० किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी, म्हणजे पॅकचा विषयच निघत नाही. अद्ययावत करण्यापूर्वी विंडोज ७ रीतसर बंद करायचं, ‘सेव्ह स्टेट’ करून झोपवलेलं ठेवायचं नाही. एका आवृत्तीत गोठवलेली अवस्था दुसरीत जागी होईलच असं नसतं. आणि जुना पॅक आधी बसवलेला असेल तर तो काढून टाकायचा:

```
sudo VBoxManage extpack uninstall "Oracle VM VirtualBox Extension Pack"
```

आता कंट्रोलरची निवड. गेस्ट पूर्ण बंद असताना त्याच्या सेटिंग्जमध्ये यूएसबीचं पान उघडलं की ‘Enable USB Controller’ या खुणेखाली तीन पर्याय दिसतात: यूएसबी १.१, यूएसबी २.० आणि यूएसबी ३.०. गेस्ट चालू असेल किंवा झोपवलेला असेल तर हे पर्याय बदलता येत नाहीत. फटफटीत राखाडी दिसणारे पर्याय पाहून अनेकांना इथेही पॅकचीच शंका येते.

साहजिकच हात सर्वांत मोठ्या आकड्याकडे जातो. विंडोज १० किंवा ११ असेल, किंवा गेल्या दशकातलं कुठलंही लिनक्स असेल, तर तो हात योग्य ठिकाणीच जातो. यूएसबी ३.० चा एक्सएचसीआय कंट्रोलर जुन्या वेगाची उपकरणंही स्वतःच सांभाळतो, आणि विंडोज ८ पासून पुढे त्याचा ड्रायव्हर आतच असतो. लिनक्सच्या गाभ्यात तर तो २००९ पासून आहे.

विंडोज ७ ची गोष्ट वेगळी. त्यात एक्सएचसीआयचा ड्रायव्हर नाही. दुकानदाराने यूएसबी ३.० निवडलं तर व्हर्च्युअलबॉक्स काहीही तक्रार करत नाही, पेन ड्राइव्हच्या नावापुढे बरोबरची खूणही येते, पण विंडोजला काहीच दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर ‘Other devices’ खाली पिवळ्या चिन्हासकट ‘Universal Serial Bus (USB) Controller’ असं एक पोरकं उपकरण पडलेलं आढळतं. निदान करायला ही खूण पक्की आहे. होस्टवर खूण आहे आणि गेस्टमध्ये पिवळं चिन्ह, म्हणजे पेन ड्राइव्ह पोहोचला आहे, पण त्याला घेणारं कुणी नाही.

याहून त्रासदायक प्रकार माऊसचा. व्हर्च्युअलबॉक्स गेस्टला पुष्कळदा साधा माऊस न देता ‘यूएसबी टॅबलेट’ नावाचं खोटं उपकरण देतं, म्हणजे बाण खिडकीत सहज ये-जा करतो. हे उपकरणही त्याच कंट्रोलरवर बसतं. ड्रायव्हर नसलेला कंट्रोलर निवडला की पेन ड्राइव्हबरोबर माऊसही मुका होतो. अशा वेळी गेस्ट बंद करायचा, सेटिंग्जमध्ये ‘System’ च्या पानावर ‘Pointing Device’ मध्ये पीएस/२ माऊस निवडायचा किंवा कंट्रोलर परत २.० वर आणायचा.

विंडोज ७ ला यूएसबी ३.० शिकवताच येत नाही असं नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा खोटा कंट्रोलर इंटेलच्या ७ सिरीज चिपसेटसारखा वागतो आणि त्या चिपसेटचा इंटेलचा यूएसबी ३.० ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये बसतो. तो आधी २.० वर असतानाच आत नेऊन ठेवावा, मग कंट्रोलर बदलावा. उलट क्रमाने केलं तर ड्रायव्हर न्यायचा कसा हाच प्रश्न पडतो. पण दुकानदाराला या खटाटोपाची गरज आहे का? त्याच्याकडे येणाऱ्या फाइली काही एमबींच्या असतात. त्याच्यासाठी यूएसबी २.० हेच योग्य उत्तर, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये आधीपासून आहे.

१.१ मात्र पेन ड्राइव्हसाठी टाळावं. त्याचा कागदोपत्री वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे फार तर दीड एमबी. एक जीबीची फाइल न्यायला उत्तम परिस्थितीतही अकरा-बारा मिनिटं लागतील. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग ४८० मेगाबिट, म्हणजे चाळीस पट. किबोर्ड, माऊस किंवा डिजिटल सहीचं टोकन अशा सावकाश उपकरणांना १.१ चालून जातं.

एक अडचण मात्र २.० निवडल्यावरच येते. गिऱ्हाईकाचा पेन ड्राइव्ह यूएसबी ३.० चा असेल आणि तो होस्टच्या निळ्या खाचेत लावला, तर होस्टशी त्याचं बोलणं ३.० च्या वेगाने ठरतं. गेस्टच्या २.० कंट्रोलरला तेवढ्या वेगाची खाच नसते. मग जोडताना ‘VERR_PDM_NO_USB_PORTS’ असा शिक्का असलेली चूक समोर येते. शब्दशः खाचा संपल्याची तक्रार, पण खरी अडचण वेगाची. उपाय हातापुरता सोपा आहे: तोच पेन ड्राइव्ह काढून संगणकाच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या खाचेत लावायचा. आता होस्टशी बोलणं २.० वर ठरतं आणि गेस्ट तो बिनतक्रार घेतो. ज्या संगणकावर सगळ्याच खाचा निळ्या आहेत, तिथे एखादा जुना यूएसबी २.० हब मध्ये घातला तरी हेच साधतं.

कंट्रोलर ठरला, तरी उबुंटूवर एक पायरी हमखास राहते. व्हर्च्युअलबॉक्सला होस्टची यूएसबी उपकरणं पाहायची परवानगी ‘vboxusers’ या गटातल्या वापरकर्त्यांनाच असते. गटात नाव नसेल तर यूएसबीची यादी रिकामी येते. त्यासाठी एक ओळ:

```
sudo usermod -aG vboxusers $USER
```

ओळ चालवून लगेच पाहिलं तर यादी अजून रिकामीच असते. कारण गटाची नोंद पुन्हा लॉगिन केल्यावर लागू होते. नुसती व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी बंद करून उघडणं पुरत नाही. उबुंटूतून पूर्ण लॉगआउट व्हावं लागतं. होस्ट विंडोजचा असेल तर ही पायरी नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. समजा गिऱ्हाईकाने सॅनडिस्कचा क्रूझर ब्लेड आणला आहे. उबुंटूमध्ये `lsusb` दिलं की अशी ओळ दिसते:

```
Bus 001 Device 005: ID 0781:5567 SanDisk Corp. Cruzer Blade
```

0781 हा उत्पादकाचा क्रमांक, 5567 हा त्या मॉडेलचा. उबुंटूने तोवर पेन ड्राइव्ह आपल्याकडे उघडून ठेवलेला असतो, आणि इथेच सर्वांत महागडी चूक होते. व्हर्च्युअलबॉक्स तो होस्टकडून हिसकावून घेतं. ‘आधी बंद कर’ असं होस्टला सांगत बसत नाही. होस्ट त्या क्षणी काही लिहीत असेल तर ते अर्धवट राहतं आणि फाइल किंवा अख्खी फाइल व्यवस्था खराब होऊ शकते. चालू असलेला पेन ड्राइव्ह खसकन उपटण्यासारखंच ते आहे. म्हणून उबुंटूच्या फाइल्स खिडकीत नावाशेजारच्या बाणावर टिचकी मारून आधी तो ‘अनमाउंट’ करायचा. नंतर गेस्टच्या खिडकीवरच्या ‘Devices’ मेनूत ‘USB’ उघडून ‘SanDisk Cruzer Blade’ वर खूण करायची. काही सेकंदांत विंडोजला नवं उपकरण सापडल्याचा आवाज येतो आणि ड्राइव्हला एखादं अक्षर मिळतं.

खूण करूनही काही झालं नाही तर अंदाज बांधण्यापेक्षा `VBoxManage list usbhost` विचारावं. उत्तरात त्या उपकरणाखाली ‘Current State’ अशी ओळ असते. ‘Busy’ म्हणजे होस्ट ते वापरत आहे, तरी घेता येईल. ‘Captured’ म्हणजे ते गेस्टकडे गेलं आहे; आता दोष शोधायचा तो विंडोजच्या आत. ‘Unavailable’ असेल तर होस्ट ते सोडणार नाही. कधी कधी ‘is busy with a previous request’ असा संदेश येतो. तेव्हा आधीची देवाणघेवाण मध्येच अडकलेली असते. उपकरण काढून पुन्हा लावल्यावर ती बहुधा सुटते.

काम झाल्यावर उलटा क्रम. आधी विंडोजमध्ये ‘Safely Remove Hardware’, मग मेनूतली खूण काढायची, मग उबुंटूत तो दिसला की तिथूनही बंद करून गिऱ्हाईकाच्या हाती द्यायचा.

रोज दहा-बारा पेन ड्राइव्ह येणाऱ्या दुकानात दर वेळी मेनू उघडणं कंटाळवाणं होतं. त्यासाठी सेटिंग्जच्या त्याच पानावर ‘फिल्टर’ आहेत. जुळणारं उपकरण लागलं की ते गेस्ट चालू असताना आपोआप त्याच्याकडे जातं. अधिकच्या चिन्हाने समोरचा पेन ड्राइव्ह निवडला की व्हर्च्युअलबॉक्स त्याचे तपशील भरून देतं, अगदी त्या नगाच्या अनुक्रमांकासह. एवढा नेमका फिल्टर फक्त त्याच एका नगाला ओळखेल. कुठलाही क्रूझर ब्लेड चालावा असं वाटत असेल तर उत्पादकाचा आणि मॉडेलचा क्रमांक ठेवून बाकीच्या चौकटी रिकाम्या करायच्या. सगळ्याच चौकटी रिकाम्या ठेवलेला फिल्टर मात्र धोक्याचा. त्याला जगातलं प्रत्येक यूएसबी उपकरण जुळतं. गेस्ट सुरू असताना प्रिंटर लावला तर तो प्रिंटरही गिळतो, आणि होस्टचा बाहेरून लावलेला किबोर्ड-माऊसही त्याच्या तावडीत सापडू शकतो.

फिल्टरचा एक कमी बोलला जाणारा उपयोग म्हणजे होस्टला सांभाळणं. अनोळखी पेन ड्राइव्ह आपल्या मुख्य संगणकात उघडावा लागत नाही. तो सरळ गेस्टकडे जातो. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला आहे, त्यामुळे तिथे विषाणू शिरण्याची शक्यता जास्तच. पण गेस्टचं नेटवर्क बंद असेल आणि चांगल्या स्थितीचा ‘स्नॅपशॉट’ घेतलेला असेल, तर बिघडलं तरी मागे जाता येतं. अर्थात हे पूर्ण कवच नव्हे. पेन ड्राइव्ह लागल्या लागल्या त्याची पहिली ओळख होस्टच करून घेतो, गेस्टची पाळी नंतर येते.

शेवटी एक प्रश्न आधी विचारायला हवा होता असं काहींना वाटेल: फक्त फाइल आत न्यायची असेल तर पेन ड्राइव्ह गेस्टला द्यायलाच हवा का? नाही. पेन ड्राइव्ह उबुंटूत उघडून फाइल एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि तो फोल्डर ‘शेअर्ड फोल्डर’ म्हणून विंडोज ७ ला दाखवायचा. यात यूएसबी कंट्रोलर येत नाही, वेगाचा घोळ नाही. यासाठी लागतात ती गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे गेस्टच्या आत बसवायचे ड्रायव्हर आणि जोडसाधनं; एक्स्टेन्शन पॅक नव्हे. ही दोन नावं इतकी सारखी वाटतात की लोक एकाच्या जागी दुसरं बसवतात आणि चालत नाही म्हणून हैराण होतात. पॅक होस्टवर बसतो, अ‍ॅडिशन्स गेस्टच्या आत.

शेअर्ड फोल्डर पुरत नाही अशी कामं वेगळी असतात. पेन ड्राइव्ह विंडोजमधूनच फॉरमॅट करायचा आहे, त्यातल्या पुसलेल्या फाइली विंडोजच्या एखाद्या साधनाने परत काढायच्या आहेत, किंवा जुन्या सॉफ्टवेअरचं यूएसबी कुलूप लावल्याशिवाय ते उघडतच नाही. यूएसबी कुलपाच्या बाबतीत तर फिल्टर अनुक्रमांकासह ठेवलेलाच चांगला. नुसता उत्पादक आणि मॉडेल क्रमांक ठेवला, तर शेजारच्या यंत्राचं तसलंच कुलूप चुकून इथे लावल्यावर गेस्ट तेही उचलून घेतो आणि सॉफ्टवेअर परवाना नाकारतं.